दहा शब्दांचा कोश: लॅटिन-फ्रेंच कायदेशब्द सोप्या मराठीत

आंतरराष्ट्रीय कायद्याचं पुस्तक उघडलंत आणि दुसऱ्याच पानावर ‘आग्रेमां’, ‘एक्झेक्वाटुर’ असले शब्द आडवे आले? काही बिघडत नाही. आज आपण एका बैठकीत दहा शब्दांचा द्विभाषी कोश तयार करू. एका बाजूला मूळ लॅटिन किंवा फ्रेंच शब्द असेल आणि दुसऱ्या बाजूला, कायदा न शिकलेल्या माणसालाही समजेल असा मराठी अर्थ. दोनशे शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा हे दहा शब्द मुळातून बघितलेले जास्त उपयोगी पडतात, आणि पुढचे शब्द याच पद्धतीनं तुम्ही स्वतः लावाल.

रफूलमां सोडला तर आपले सगळे शब्द दूतावास, वाणिज्य दूतावास आणि कुलभूषण जाधव खटला यांच्या आसपासचेच आहेत. त्यामुळे एक कार्ड दुसऱ्याला आधार देतं.

लागणारं सामान

पोस्टकार्डाएवढी बारा कोरी कार्डं. दहा शब्दांची आणि दोन खराब होतील म्हणून. पेन्सिल, खोडरबर, एक निळं पेन, एक लाल पेन. कार्डं बांधायला एक रबर.

कृती

१. पाच कागदपत्रं समोर घ्या. १९६१चा राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार, १९६३चा वाणिज्यदूतीय संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार, १९५१चा निर्वासितांविषयीचा करार, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची संविधी आणि जाधव खटल्याचा १७ जुलै २०१९चा निकाल. पहिले दोन करार संयुक्त राष्ट्रांच्या करारमालेत अनुक्रमे खंड ५०० आणि खंड ५९६मध्ये आहेत. संविधी आणि निकाल `icj-cij.org` वर फुकट मिळतात. करारांचा इंग्रजी आणि फ्रेंच असे दोन्ही पाठ घ्या. *सांभाळा:* गाइडमधून किंवा कुणाच्या नोट्समधून शब्द उचलू नका. कलम क्रमांकांच्या चुका तिथूनच एका वहीतून दुसऱ्या वहीत जातात.

२. दहा शब्द एका कागदावर लिहा. पर्सोना नॉन ग्राटा, आग्रेमां, शार्जे दाफेर, ॲड इंटरिम, एक्झेक्वाटुर, नोत व्हर्बाल, प्राइमा फेसी, ॲड हॉक, रेस्टिट्यूटिओ इन इंटेग्रुम, रफूलमां. *सांभाळा:* अकरावा शब्द आत्ता घेऊ नका. मोह होतोच. दहा पुरे होईपर्यंत तो कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

३. प्रत्येक शब्दापुढे ‘ल’ किंवा ‘फ’ लिहा. आग्रेमां, शार्जे दाफेर, नोत व्हर्बाल आणि रफूलमां हे चार फ्रेंच. बाकीचे सहा लॅटिन. *सांभाळा:* शब्द फ्रेंच पाठात दिसला म्हणजे तो फ्रेंच झाला असं नाही. ‘पर्सोना नॉन ग्राटा’ कराराच्या फ्रेंच पाठातही लॅटिनच राहतो.

४. कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात मूळ शब्द रोमन लिपीत, निळ्या पेननं उतरवा. एका कार्डावर एकच शब्द. उतरवताना कागदपत्राकडे बघा, आठवणीवर जाऊ नका. *सांभाळा:* ‘आग्रेमां’ आणि ‘शार्जे’ यांतल्या ई अक्षरावर तिरकी रेघ असते, ती सुटली की शब्द चुकला. विंडोज संगणकावर ती `Alt+0233` दाबून येते, मोबाइलवर ई अक्षर दाबून धरलं की पर्याय दिसतात. लॅटिन शब्दांवर अशी चिन्हं नसतात, तेव्हा तिथं हौसेनं देऊ नका.

५. त्याखाली उच्चार देवनागरीत, पेन्सिलनं लिहा. पेन्सिल अशासाठी की तुमच्या प्राध्यापकांचा उच्चार वेगळा असू शकतो. ‘प्राइमा फेसी’ आपल्याकडच्या कोर्टांत इंग्रजी वळणानंच बोलतात, तेव्हा तोंडी परीक्षेत तोच चालवा. *सांभाळा:* फ्रेंचमध्ये शेवटची व्यंजनं बऱ्याचदा गिळली जातात. ‘आग्रेमेंट’ असं म्हणू नका, शेवट नाकात सोडा: आग्रेमां. तसंच रफूलमां.

६. पर्सोना नॉन ग्राटाचं कार्ड पुढे ओढा आणि १९६१च्या कराराचं कलम ९ उघडा. पहिलं कार्ड आपण दोघं मिळून पूर्ण करू. हे नीट झालं की उरलेली सोपी जातात.

७. कलम वाचून चार प्रश्नांची उत्तरं रद्दी कागदावर लिहा: कोण, कोणाला, केव्हा, मग पुढे काय. कलम ९मधून ती अशी निघतात. *कोण?* ज्या देशात दूतावास आहे तो यजमान देश. *कोणाला?* दूतावासाच्या प्रमुखाला किंवा राजनयिक दर्जाच्या अधिकाऱ्याला. *केव्हा?* कधीही, कारण न सांगता, अगदी तो माणूस देशात पोचण्याआधीसुद्धा. *मग पुढे काय?* पाठवणाऱ्या देशानं त्याला परत बोलवायचं किंवा त्याचं काम थांबवायचं. तसं वाजवी मुदतीत केलं नाही, तर यजमान देश त्याला दूतावासाचा माणूस मानायला नकार देऊ शकतो. *सांभाळा:* शब्दाचा नुसता अर्थ, म्हणजे ‘नकोसा माणूस’, लिहून पुढे जाऊ नका. परीक्षेत गुण या चार उत्तरांना मिळतात.

८. उत्तरं जोडून एका वाक्याचा मराठी अर्थ कार्डाच्या मधोमध लिहा. पंचवीस-तीस शब्द पुरेत. कुठलाही नवा कायदेशब्द आत येऊ देऊ नका. आपलं वाक्य असं झालं: ‘यजमान देशानं कारण न देता “हा परदेशी राजनयिक आम्हाला इथं नको” असं कळवणं, ज्यानंतर त्याच्या देशाला त्याला परत न्यावं लागतं.’ *सांभाळा:* ‘हकालपट्टी’ हा वर्तमानपत्री शब्द वापरलात तर यजमान देश त्याला उचलून विमानात बसवतो असं वाटतं. कलमात परत बोलावण्याचं काम पाठवणाऱ्या देशावर टाकलंय.

९. त्याखाली लाल पेननं ‘हे नव्हे’ अशी एक ओळ लिहा. कोशातली मला सगळ्यात आवडती ओळ हीच. या शब्दाची हमखास गफलत कोणती, ते इथं लिहायचं. कलम ९ पुन्हा बघा: राजनयिक दर्जा नसलेल्या कर्मचाऱ्यासाठी, म्हणजे दूतावासाचा कारकून किंवा चालक यांच्यासाठी, करारात वेगळे शब्द आहेत. त्याला ‘स्वीकारार्ह नाही’ असं कळवतात. म्हणून लाल ओळ अशी: ‘दूतावासातल्या प्रत्येक माणसाला हा शब्द लागत नाही, फक्त राजनयिक दर्जाच्यांना.’

१०. कार्डाच्या तळाशी खरी घडलेली एक घटना तारखेसह लिहा. २३ एप्रिल २०२५ रोजी भारतानं दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायोगातल्या संरक्षण, नौदल आणि हवाई सल्लागारांना पर्सोना नॉन ग्राटा जाहीर करून देश सोडायला एक आठवडा दिला. त्याच निवेदनात या सल्लागारांच्या पाच साहाय्यक कर्मचाऱ्यांबद्दल मात्र ‘परत बोलावले जातील’ एवढंच म्हटलं होतं, पर्सोना नॉन ग्राटा हे शब्द त्यांना लावले नव्हते. तुमची लाल ओळ आणि ही घटना एकमेकींना किती छान बसतात बघा! *सांभाळा:* तारीख खात्रीची नसेल तर घटना लिहूच नका. चुकीच्या तारखेपेक्षा रिकामी ओळ बरी.

११. उजव्या वरच्या कोपऱ्यात करार आणि कलम लिहा. ‘१९६१, क. ९’. वाणिज्यदूतीय अधिकाऱ्यांसाठी हाच शब्द १९६३च्या करारात कलम २३मध्ये आहे, तोही शेजारी टाका. पहिलं कार्ड झालं. कोपऱ्यात शब्द, त्याखाली उच्चार, मध्ये अर्थ, लाल ओळ, तळाशी घटना, वर कलम. बाकीची नऊ कार्डं याच साच्यात बसवायची आहेत.

१२. आग्रेमांचं कार्ड भरा. १९६१, कलम ४. चार प्रश्न विचारलेत की अर्थ आपोआप येतो: ‘राजदूताचं नाव पक्कं करण्याआधी, ज्या देशात तो जाणार त्या देशाची मिळवलेली संमती, नकार द्यायचा तर त्या देशाला कारण सांगावं लागत नाही.’ *सांभाळा:* राजदूत राष्ट्रपती भवनात जाऊन अधिकारपत्रं सादर करतो, तो समारंभ म्हणजे आग्रेमां नव्हे. आग्रेमां आधी लागते, माणूस निघण्यापूर्वी. अधिकारपत्रं नंतर, पोचल्यावर. लाल ओळीत हेच लिहा. शिवाय ही संमती दूतावासाच्या प्रमुखासाठी लागते, प्रत्येक सचिवासाठी नाही.

१३. शार्जे दाफेरचं कार्ड भरा. १९६१, कलम १४. दूतावास-प्रमुखांचे तीन वर्ग तिथं दिलेत: पहिला राजदूतांचा, दुसरा मंत्रिदर्जाच्या दूतांचा, तिसरा शार्जे दाफेरचा. पहिल्या दोन वर्गांची नेमणूक राष्ट्रप्रमुखाकडे होते, शार्जे दाफेरची परराष्ट्रमंत्र्याकडे. अर्थ: ‘परराष्ट्रमंत्र्याकडे नेमणूक झालेला, सर्वांत खालच्या वर्गाचा दूतावास-प्रमुख.’ घटनेची ओळ आत्ता रिकामी ठेवा.

१४. ॲड इंटरिमचं कार्ड भरून त्याच्याशेजारी ठेवा. इथं घाई करू नका, कारण हे दोन शब्द नेहमी एकत्र येतात आणि अर्थ बदलतो. १९६१चं कलम १९ वाचा. प्रमुखाची जागा रिकामी असली किंवा प्रमुख काम करू शकत नसला, तर मधल्या काळात जो प्रमुख म्हणून काम बघतो तो ‘शार्जे दाफेर ॲड इंटरिम’. म्हणून ‘ॲड इंटरिम’चा अर्थ: ‘मधल्या काळापुरता, खरा धनी येईपर्यंत.’ शार्जे दाफेरच्या कार्डावर लाल ओळ अशी: ‘पुढे ॲड इंटरिम असेल तर तो कायमचा प्रमुख नव्हे, बदली.’ आता रिकामी घटना भरा: ऑगस्ट २०१९पासून भारत आणि पाकिस्तान यांच्या एकमेकांच्या राजधानीतल्या उच्चायोगांचं काम उच्चायुक्ताऐवजी शार्जे दाफेर बघतात. मराठी वर्तमानपत्रं यालाच ‘प्रभारी’ म्हणतात, तो शब्द अर्थात चालेल.

१५. एक्झेक्वाटुरचं कार्ड भरा. आता १९६३चा करार घ्या, कलम १२. अर्थ: ‘वाणिज्य दूतावासाच्या प्रमुखाला काम सुरू करू देणारी यजमान देशाची परवानगी, मग ती कुठल्याही स्वरूपात असो.’ इथंही नकाराचं कारण सांगावं लागत नाही. मुंबईत किंवा पणजीत एखाद्या देशाचा महावाणिज्यदूत नेमून येतो, तेव्हा त्याला हीच परवानगी लागते. पणजीत पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास आहे, तो उदाहरण म्हणून लिहा. *सांभाळा:* आग्रेमां राजदूतासाठी, एक्झेक्वाटुर वाणिज्य दूतावासाच्या प्रमुखासाठी. दोन्ही कार्डांवर एकमेकांची नावं लिहून ठेवा.

१६. आतापर्यंतची कार्डं फ्रेंच पाठाशी जुळवा. इंग्रजी पाठात दोन्ही करारांमध्ये ‘पाठवणारा देश’ आणि ‘यजमान देश’ यांच्यासाठी तेच दोन शब्द आहेत. फ्रेंच पाठात तसं नाही. १९६१च्या करारात पाठवणारा देश ‘एता आक्रेदितां’ आणि यजमान देश ‘एता आक्रेदितेर’. १९६३च्या करारात पाठवणारा देश ‘एता दांव्वा’ आणि यजमान ‘एता द रेझिदांस’. आक्रेदितां आणि आक्रेदितेर यांत फक्त शेवट वेगळा आहे, त्यामुळे ते उलटे लिहिले जाणं ही नेहमीची चूक. ‘आक्रेदितां’ म्हणजे नेमून पाठवणारा, एवढं एकच पक्कं करा. दुसरा उरतो तो यजमान. या दोन्ही करारांचे चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश असे पाचही पाठ सारखेच अधिकृत आहेत, म्हणून ‘इंग्रजीत जे आहे तेच खरं’ असं धरून चालता येत नाही.

१७. जिथं दोन पाठांचा जोर वेगळा वाटतो, त्या कार्डावर पेन्सिलनं चांदणी काढा. असं खरंच होतं का? होतं, आणि त्यावर खटला निघतो. संविधीचं कलम ४१ अंतरिम उपायांबद्दल आहे. इंग्रजी पाठात हे उपाय ‘करायला हवेत’ असा मवाळ सूर आहे. फ्रेंच पाठातलं ‘द्वाव्हत एत्र प्रीझ’ म्हणजे ‘केलेच पाहिजेत’. जर्मनी विरुद्ध अमेरिका या लाग्रांड खटल्यात हाच प्रश्न आला. अमेरिकेत पकडलेल्या दोन जर्मन भावांना वाणिज्यदूताची मदत मागण्याचा हक्क सांगितला गेला नव्हता. वॉल्टर लाग्रांडचा देहदंड थांबवण्याबाबत न्यायालयानं अंतरिम आदेश दिला, तरी ३ मार्च १९९९ रोजी ॲरिझोनात त्याला देहदंड दिला गेला. २७ जून २००१च्या निकालात न्यायालयानं दोन्ही पाठ शेजारी ठेवले, कलमाचा हेतू पाहिला आणि असे आदेश बंधनकारक असतात असं ठरवलं. *सांभाळा:* चांदणी दिसली की स्वतः निवाडा करू नका. दोन्ही पाठ कार्डाच्या मागे लिहा आणि न्यायालयानं काय म्हटलं ते शोधा.

१८. आता जाधव खटल्याचा निकाल उघडा आणि नोत व्हर्बालचं कार्ड भरा. न्यायालयाच्या छापील अहवालात डाव्या पानावर फ्रेंच आणि उजव्या पानावर इंग्रजी असतं, त्यामुळे तुमचं काम अर्धं होतं. निकालाच्या अगदी शेवटी कोणता पाठ अधिकृत, तेही दिलेलं असतं. ते आधी बघा. अर्थ: ‘एका सरकारनं दुसऱ्या सरकारला पाठवलेलं, तृतीयपुरुषी भाषेतलं, सही नसलेलं औपचारिक लेखी पत्र.’ घटना: २५ मार्च २०१६ रोजी भारतानं पाकिस्तानकडे जाधव यांची भेट घेऊ देण्याची पहिली मागणी अशाच पत्रानं केली. *सांभाळा:* नावात ‘व्हर्बाल’ आहे म्हणून याला ‘तोंडी निवेदन’ म्हणण्याचा धोका मोठा आहे. लाल ओळ ठळक लिहा: ‘हे लेखीच असतं.’ खटल्यात कोणी, कधी, काय मागितलं हे याच पत्रांवरून सिद्ध झालं. तोंडी असतं तर ते कसं जमलं असतं?

१९. प्राइमा फेसीचं कार्ड भरा. मराठीत याला ‘प्रथमदर्शनी’ हा चांगला रुळलेला शब्द आहे, तोच घ्या. पण तेवढ्यावर थांबू नका, खटल्यातला उपयोग लिहा. भारतानं ८ मे २०१७ रोजी अर्ज केला. १८ मे २०१७च्या आदेशात न्यायालय म्हणालं की खटला ऐकण्याचा अधिकार आपल्याला प्रथमदर्शनी दिसतो, आणि अंतिम निकालापर्यंत जाधव यांना देहदंड दिला जाऊ नये यासाठी पाकिस्ताननं सर्व उपाय करावेत. लाल ओळ: ‘हा शेवटचा निर्णय नव्हे.’ अधिकार आहेच, असा पक्का निर्णय २०१९च्या निकालात आला. *सांभाळा:* उत्तरपत्रिकेत ‘२०१७ साली न्यायालयानं अधिकारक्षेत्र मान्य केलं’ असं लिहिलंत तर अर्धी गोष्ट चुकली.

२०. ॲड हॉकचं कार्ड भरा. हे लवकर होईल. संविधीचं कलम ३१. अर्थ: ‘फक्त या एका खटल्यापुरता नेमलेला न्यायाधीश.’ ज्या पक्षाचा नागरिक न्यायासनावर नसतो, त्याला असा न्यायाधीश निवडता येतो. जाधव खटल्यात न्यायासनावर भारताचे दलवीर भंडारी होते, म्हणून पाकिस्ताननं तसद्दुक हुसेन जिलानी यांना निवडलं. *सांभाळा:* रोजच्या बोलण्यातला ‘ॲडहॉक’ म्हणजे कामचलाऊ. तो अर्थ इथं आणू नका. या न्यायाधीशाचं मत बाकीच्यांइतकंच मोजलं जातं.

२१. रेस्टिट्यूटिओ इन इंटेग्रुमचे चार प्रश्न रद्दी कागदावर सोडवा. हा शब्द सगळ्यात अवघड, म्हणून याला दोन पायऱ्या. *कोण?* चूक केलेला देश. *कोणाला?* ज्याचा हक्क मोडला त्याला. *केव्हा?* चूक सिद्ध झाल्यावर. *मग काय?* चुकीचं कृत्य होण्याआधीची स्थिती परत आणायची. दोन मर्यादा मात्र सोबत येतात: तसं करणं प्रत्यक्षात अशक्य नसावं, आणि पैशांच्या भरपाईऐवजी ते केल्यानं जो फायदा होतो त्याच्या मानानं ओझं अगदीच बेसुमार नसावं.

२२. आता त्याचं कार्ड भरा. अर्थ: ‘चूक करणाऱ्या देशानं, चूक होण्याआधी जसं होतं तसं परत करून देणं.’ लाल ओळ: ‘ही पैशांची नुकसानभरपाई नव्हे.’ पूर्ववत करता येत नाही तिथं पैसे येतात. घटना लिहिताना जरा थांबा, कारण हिच्यात तुमची समज पणाला लागते. भारतानं हेच मागितलं होतं: लष्करी न्यायालयानं जाधव यांना दिलेली शिक्षा रद्द करा आणि त्यांना सोडा. न्यायालयानं १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्ताननं १९६३च्या कराराचं कलम ३६ मोडल्याचं मान्य केलं. जाधव यांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, भारताला विनाविलंब कळवलं नाही, भेट नाकारली. तरीही सुटका मंजूर झाली नाही. का? न्यायालय म्हणालं, शिक्षा ही कलम ३६चा भंग नाही. भंग झाला तो वाणिज्यदूताची भेट नाकारण्यात. म्हणून उपाय त्या भंगापुरता: पाकिस्ताननं स्वतःच्या मार्गानं, पण परिणामकारकपणे, दोषसिद्धी आणि शिक्षेचा फेरविचार करावा, आणि तो होईपर्यंत देहदंड थांबलेला राहावा. *सांभाळा:* ‘भारतानं खटला जिंकला, म्हणजे रेस्टिट्यूटिओ मिळाली’ असं लिहू नका. मागणी आणि मिळकत कार्डावर दोन वेगळ्या ओळींत मांडा.

२३. रफूलमांचं शेवटचं कार्ड भरा. १९५१च्या कराराचं कलम ३३. या कलमाच्या इंग्रजी पाठातसुद्धा ‘परत पाठवणे’ या शब्दानंतर ‘रफूले’ हे फ्रेंच क्रियापद मुद्दाम छापलेलं आहे, तेव्हा दोन्ही पाठ बघाच. अर्थ: ‘जिथं निर्वासिताच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, अशा ठिकाणच्या हद्दीकडे त्याला परत ढकलणं, आणि कलम ३३ हेच करायला मनाई करतं.’ *सांभाळा:* हे प्रत्यर्पण नव्हे. प्रत्यर्पणात दुसरा देश आरोपीला खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी मागून घेतो. आणखी एक: भारत १९५१च्या कराराचा पक्ष नाही, तेव्हा ‘भारतानं कलम ३३ मोडलं’ असं वाक्य तुमच्या उत्तरात येऊ देऊ नका. कलमाच्या दुसऱ्या भागात देशाच्या सुरक्षेला धोका असलेल्या निर्वासितासाठी अपवादही आहे. तो कार्डाच्या मागे लिहा.

२४. कार्डं मूळ रोमन अक्षरांच्या क्रमानं लावा. *सांभाळा:* देवनागरी उच्चारावरून क्रम लावू नका. उच्चार बदलला की कार्ड दुसरीकडे जातं आणि सापडत नाही.

२५. कायदा न शिकलेल्या एका माणसाला अर्थाची ओळ वाचून दाखवा आणि ती त्याच्या शब्दांत परत सांगायला सांगा. घरातलं कुणीही चालेल. मूळ शब्द सांगू नका, फक्त अर्थ वाचा. त्यानं परत सांगताना कोण कोणाला काय करतं हे उलटं झालं, तर दोष तुमच्या वाक्यात आहे. आग्रेमां आणि एक्झेक्वाटुर इथं हमखास अडतात, कारण ‘संमती’ आणि ‘परवानगी’ कुणी कुणाला दिली ते वाक्यात पुढे आलेलं नसतं.

२६. अडलेलं वाक्य खोडून कर्ता सुरुवातीला आणून पुन्हा लिहा. ‘संमती मिळवली जाते’ असं नको. ‘पाठवणारा देश यजमान देशाची संमती मिळवतो’ असं लिहा. कार्ड फार गिचमिड झालं तर त्या दोन जादा कार्डांपैकी एक वापरा.

२७. उच्चार प्राध्यापकांना दाखवून पेन्सिलवर निळं पेन फिरवा. मग रबर लावा.

मागच्या बाजूला लिहून ठेवलेला अकरावा शब्द आता घ्या. तो ‘ओपिनिओ ज्युरिस’ असेल, तर तो या करारांत शोधू नका. संविधीच्या कलम ३८मध्ये रूढीचं वर्णन आहे, पण तिथंही हा शब्द असा छापलेला नाही. त्याच्यासाठी तुम्हाला न्यायालयाचा २० फेब्रुवारी १९६९चा उत्तर समुद्रातल्या भूखंडमंचाचा निकाल उघडावा लागेल, आणि सातव्या पायरीवरचे तेच चार प्रश्न त्याला विचारावे लागतील.